सावरकरांना लंडनने परत पाठवले ते कोणत्या कायद्याने?

मार्सेलिसच्या बंदरातली उडी मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या उडीआधीचे साडेतीन महिने मात्र आपण दोन वाक्यांत उरकतो. १३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून परत येऊन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांना अटक झाली. १ जुलैला ‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली. मधल्या काळात ते ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते आणि त्यांचे वकील एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात जात होते. त्यांची मागणी साधी होती: खटला चालवायचाच असेल तर तो इंग्लंडात चालवा, हिंदुस्थानात पाठवू नका. ही मागणी फेटाळली गेली. ती का फेटाळली गेली हे नीट समजून घेतले, तर आज मल्ल्या किंवा नीरव मोदी यांच्या बातम्यांत जे ‘प्रत्यार्पण’ वर्षानुवर्षे रखडते, त्यामागची तत्त्वेही उलगडतात.

एका देशात गुन्हा करून माणूस दुसऱ्या देशात गेला, की त्याला पकडायला पहिल्या देशाचे पोलीस तिथे जाऊ शकत नाहीत. तो परत मागावा लागतो. आणि मागितला म्हणून दिलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा सर्वसाधारण नियम नाही. दोन देशांत तसा करार असेल तर, आणि करारातल्या अटी पुऱ्या झाल्या तर, देण्याचे बंधन येते. या अटींपैकी दोन फार जुन्या आहेत आणि जवळपास प्रत्येक करारात कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतात. पहिली अट अशी, की ज्या कृत्याबद्दल माणूस मागितला आहे ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. हे दुहेरी गुन्ह्याचे तत्त्व. दुसरी अट अशी, की ते कृत्य राजकीय स्वरूपाचे असेल तर माणूस दिला जाणार नाही. हा राजकीय गुन्ह्याचा अपवाद.

मग सावरकरांना या दोन अटींचे संरक्षण का मिळाले नाही? त्यांच्यावरचे आरोप पाहिले तर राजकीय म्हणायला याहून ठळक उदाहरण शोधूनही मिळायचे नाही. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणे, हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून त्याला वंचित करण्याचा कट, १९०६ मध्ये हिंदुस्थानात आणि नंतर लंडनमध्ये केलेली राजद्रोही भाषणे, शस्त्रे मिळवून पाठवणे आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाला साहाय्य. शेवटचे दोन आरोप एकमेकांत गुंतलेले होते. इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला गेली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या, त्या या खेपेतल्याच पिस्तुलातून, असा सरकारचा दावा होता. अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला.

उत्तर आरोपांत नाही, कायद्याच्या नावात आहे. त्या काळी ब्रिटनकडे फरारी माणूस सोपवण्याचे दोन वेगळे कायदे होते. परक्या देशांसाठी १८७० चा प्रत्यार्पण कायदा, आणि साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पाठवण्यासाठी १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा. पहिल्या कायद्यात वरच्या दोन्ही अटी होत्या. कृत्य इंग्लंडात घडले असते तर परिशिष्टातल्या गुन्ह्यांपैकी एखादा गुन्हा ठरले असते का, हे मॅजिस्ट्रेटला पाहावे लागे. आणि गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल, किंवा मागणीमागचा खरा हेतू राजकीय गुन्ह्याबद्दल शिक्षा देण्याचा आहे असे आरोपीने दाखवून दिले, तर त्याला सोडावे लागे. दुसऱ्या कायद्यात यांतले काहीच नव्हते. ज्या भागात गुन्हा घडला तिथे त्याला बारा महिने किंवा अधिक सक्तमजुरी असली की पुरे. राजद्रोहाच्या वरचा, म्हणजे थेट राजाविरुद्धच्या बंडाचा गुन्हा तर त्यात नाव घेऊनच घातला होता. आणि एक कलम असे होते, की माणूस जिथे सापडला तिथल्या कायद्याने ते कृत्य गुन्हा नसले तरी हा कायदा लागू होईल.

म्हणजे एकाच वाड्यात या खोलीतून त्या खोलीत माणूस न्यायचा, तर दाराशी कोण अडवणार, असा तो हिशेब होता. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांचा राजा एक, म्हणून ते एकमेकांना परके नव्हेत. स्वातंत्र्य मागणाऱ्या माणसाला ‘आपण एकच आहोत’ या आधारावर परत पाठवले गेले, यातला उपरोध त्या न्यायाधीशांना जाणवला असेल की नाही कोण जाणे. वकिलांच्या हाती एकच खिडकी उरली होती. परत पाठवणे अन्यायाचे किंवा जाचक ठरत असेल तर न्यायालयाने नकार द्यावा, असे १८८१ च्या कायद्याचे दहावे कलम सांगत होते. मुंबईत ज्युरी असणार नाही, तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन असेल, आणि बरीचशी कृत्ये लंडनमध्येच घडल्याचा आरोप आहे, हे सगळे पुढे मांडले गेले. पण कायद्याने स्थापन झालेले न्यायासन अन्यायच करील असे गृहीत धरायला न्यायालय तयार झाले नाही. हेबियस कॉर्पसचा अर्ज गेला, अपीलही गेले.

हीच माणसे पॅरिसमध्ये असती तर? असती नव्हे, होतीच. श्यामजी कृष्णवर्मा १९०७ पासून तिथे होते, मादाम कामा तिथे होत्या, आणि सावरकर स्वतः अटकेआधी काही आठवडे तिथेच राहून आले होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १८७६ चा प्रत्यार्पण करार होता आणि त्यात राजकीय गुन्हे वगळलेले होते. पॅरिस ते लंडन या एका दिवसाच्या प्रवासात त्यांच्या डोक्यावरचा कायदा बदलला.

तरी पॅरिसमध्ये ते निर्धास्त असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भाषणांपुरते आणि ‘युद्ध पुकारण्या’पुरते नक्कीच. हे शुद्ध राजकीय गुन्हे. त्यांत राज्यसत्तेखेरीज दुसऱ्या कुणाला इजा नसते. पेच असतो तो मिश्र गुन्ह्यांत. खून हा खूनच, पण राजकारणासाठी केलेला. त्याला अपवादाचा आसरा द्यायचा का? ब्रिटिश न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर सावरकरांच्या अटकेआधी वीस वर्षे दिले होते, आणि ते उत्तर ज्याच्या लेखणीतून आले तो माणूस आपल्या ओळखीचा आहे.

स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात १८९० साली लोकांनी राज्यघटना बदलण्याची मागणी केली आणि सरकारने ती दाबून ठेवली. ११ सप्टेंबरला बेलिन्झोना गावात जमावाने शस्त्रागार ताब्यात घेतले आणि तो सरकारी वाड्यावर चालून गेला. आत शिरताना अँजेलो कास्तियोनी नावाच्या माणसाने प्रांतिक सरकारचे सदस्य लुइजी रॉसी यांना गोळी घालून ठार केले. कास्तियोनी इंग्लंडला पळाला, स्वित्झर्लंडने त्याला मागितले, मॅजिस्ट्रेटने पाठवण्याचा हुकूमही दिला. वरच्या न्यायालयाने तो सोडला. निकष असा ठरला: कृत्य राजकीय उठावाच्या ओघात घडलेले आणि त्या उठावाचाच भाग असलेले हवे. कास्तियोनीचे रॉसींशी वैयक्तिक वैर नव्हते. ती गोळी उठावातली होती. गोळी घालण्याची गरज होती का, ती शहाणपणाची होती का, हे न्यायालयाने विचारले नाही.

हा निकष न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी आपल्या इंग्लिश फौजदारी कायद्याच्या इतिहासात आधीच मांडला होता, आणि कास्तियोनीच्या खटल्यात ते स्वतः पीठावर होते. हेच स्टीफन पूर्वी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्यांचा. आणि १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत १२४ अ हे राजद्रोहाचे कलम घातले गेले तेही त्यांच्याच हातून. टिळकांना दोनदा तुरुंगात धाडणारे ते कलम. परक्या देशातल्या बंडखोराला आसरा देणारा निकष आणि आपल्या वसाहतीतल्या टीकाकाराला आत टाकणारे कलम, दोन्ही एकाच माणसाची. मला यात विसंगती दिसत नाही. अपवाद परक्यांच्या भांडणांत न पडण्यासाठी होता. घरचे भांडण त्यात कधी धरलेच नव्हते.

चार वर्षांत या निकषाला पहिली वेसण बसली. पॅरिसमधल्या एका कॅफेत आणि एका बराकीत झालेल्या स्फोटांबद्दल म्युनिए नावाचा अराज्यवादी फ्रान्सला हवा होता. लंडनच्या न्यायालयाने १८९४ मध्ये म्हटले, की राजकीय गुन्हा म्हणायचा तर देशात आपापल्या पसंतीचे सरकार आणू पाहणारे दोन पक्ष हवेत. अराज्यवाद्याला कुठलेच सरकार नको असते. त्याचे वैर सगळ्या समाजाशी. म्युनिएला पाठवण्यात आले.

आता जॅक्सनच्या खुनाला हा निकष लावून पाहा. अभिनव भारतला स्वतःच्या पसंतीचे सरकार हवे होते, त्यामुळे म्युनिएचा अडसर येत नाही. पण नाटकाला आलेल्या कलेक्टरवर झाडलेली गोळी ‘उठावाच्या ओघात’ होती का? नाशिकच्या रस्त्यावर त्या रात्री उठाव नव्हता. कास्तियोनीभोवती जमाव होता, कान्हेरेच्या मागे गुप्त मंडळ होते. काटेकोर इंग्लिश न्यायाधीश म्हणाला असता, उठाव कुठे आहे ते दाखवा. फ्रेंच लोक हेतूकडे अधिक पाहत, त्यामुळे तिथे निकाल बहुधा सावरकरांच्या बाजूने गेला असता. पण हा माझा अंदाज.

मार्सेलिसला ८ जुलैला जे घडले त्यात या अटींची परीक्षा झालीच नाही. किनाऱ्यावर फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून बोटीवरून आलेल्यांच्या हवाली केले. ना मागणीपत्र, ना मॅजिस्ट्रेट, ना करार. फ्रान्सने नंतर त्यांना परत मागितले आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. पाच सदस्यांच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला, की फ्रेंच शिपायाच्या हातून अनियमितता झाली खरी, पण ब्रिटनने फसवणूक किंवा जबरदस्ती केलेली नाही, आणि परक्या देशाच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्यास भाग पाडणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. आरोप राजकीय आहेत का, हा प्रश्न लवादापुढे नव्हताच.

दुसऱ्या अटीबद्दल इतके सांगून झाल्यावर पहिलीकडे वळतो. ती दिसायला सोपी आणि वापरायला चिवट. ‘दोन्हीकडे गुन्हा हवा’ म्हणजे दोन्हीकडे त्याच नावाचे कलम हवे, असा समज असतो. तसे नाही. न्यायालय कलमाचे नाव बाजूला ठेवते आणि कृत्य उचलून आपल्या भूमीवर आणून पाहते: हे इथे घडले असते तर आमच्याकडे शिक्षा झाली असती का? पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून, तारण न घेता आणि नोंद न करता, हमीपत्रे दिली गेली आणि त्यांच्या जोरावर परदेशातल्या बँकांकडून पैसा उचलला गेला, असा नीरव मोदी यांच्यावर आरोप आहे. लंडनच्या न्यायाधीशापुढे भारताच्या ‘चारशेवीस’ला काही किंमत नव्हती. प्रश्न इतकाच, की लंडनच्या बँकेला कुणी असे फसवले तर तो इंग्लंडात गुन्हा ठरेल का. ठरतो. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायाधीशांनी पुढे पाठवलेल्या प्रकरणात ही अट फार अडली नाही. तुरुंगाची स्थिती, मानसिक आरोग्य हे वाद वेगळ्या खात्यातले.

चिवटपणा दिसतो तो पिनोशेच्या प्रकरणात. चिलीचे माजी हुकूमशहा ऑगस्तो पिनोशे ऑक्टोबर १९९८ मध्ये उपचारासाठी लंडनच्या रुग्णालयात होते. स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवरून त्यांना तिथेच अटक झाली. आरोप १९७३ च्या सत्तापालटापासूनच्या छळाचे आणि खुनांचे. छळ इंग्लंडात गुन्हा नव्हता असे कोण म्हणेल? पण खाच अशी होती, की ती कृत्ये स्पेनमध्ये घडलेली नव्हती, चिलीत घडली होती. स्पेन स्वतःच्या हद्दीबाहेरच्या छळाबद्दल शिक्षा देऊ पाहत होता. म्हणून आरसाही तसाच धरावा लागला: ब्रिटनच्या हद्दीबाहेर, परक्याने परक्याचा केलेला छळ ब्रिटिश कायद्याने गुन्हा आहे का? आहे, पण २९ सप्टेंबर १९८८ पासून. त्या दिवशी ब्रिटनमध्ये छळविरोधी कलम अमलात आले आणि जगात कुठेही केलेला छळ ब्रिटनमध्ये गुन्हा ठरला.

मग आणखी एक प्रश्न उभा राहिला. दोन्हीकडे गुन्हा हवा, पण केव्हा? मागणी आली तेव्हा, की कृत्य घडले तेव्हा? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी २४ मार्च १९९९ रोजी ठरवले, की कृत्य घडले तेव्हा. या एका वाक्याने पिनोशेंच्या राजवटीची पहिली पंधरा वर्षे, म्हणजे अत्याचारांचा बहुतेक सगळा काळ, छळाच्या आरोपांतून वगळला गेला. उरले ते शेवटच्या दीड वर्षातले थोडेसे. तेवढ्यावरही त्यांना पाठवता येईल असे मॅजिस्ट्रेटने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात म्हटले, पण २ मार्च २००० रोजी गृहमंत्र्यांनी प्रकृतीच्या कारणावरून त्यांना सोडले आणि ते चिलीला गेले. हे ऐकून चीड येते, पण तारखेचा हा नियम काढून टाकला तर आज केलेल्या कायद्याने कालच्या माणसाला बाहेर देता येईल, आणि तो माणूस दरवेळी पिनोशेच असेल असे नाही.

राजकीय अपवादाचे मात्र नंतर खूप आकुंचन झाले. आयर्लंडमधल्या हिंसेत ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला मारणारा जोसेफ डोहर्टी अमेरिकेत सापडला, तेव्हा तिथल्या न्यायाधीशाने १९८४ मध्ये त्याचा गुन्हा राजकीय ठरवून पाठवायला नकार दिला. ब्रिटन संतापले, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही देशांनी पुरवणी करार करून हिंसक गुन्हे अपवादातून काढून टाकले. इतर करारही त्या वाटेने गेले. भारत आणि ब्रिटन यांचा १९९२ चा करार राजकीय अपवाद एका परिच्छेदात देतो आणि पुढच्यात खून, स्फोट, शस्त्रे, त्यांचा कट आणि त्यांना साहाय्य हे सगळे त्यातून वगळतो. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातही १९९३ च्या दुरुस्तीने अशीच यादी आली. ब्रिटनने तर २००३ च्या कायद्यात अपवादाचे जुने शब्दच टाकून दिले. आता तिथला न्यायाधीश गुन्ह्याचा रंग पाहत नाही, मागणाऱ्याचा हेतू पाहतो: हा माणूस त्याच्या धर्मामुळे, वंशामुळे, राजकीय मतांमुळे मागितला जातोय का, आणि तिथे त्या कारणाने त्याच्यावर अन्याय होईल का? १८७० च्या कायद्यात हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर होता, तो आता पहिला झाला.

१९१० ची तीच फाइल, आता परक्या असलेल्या दोन देशांत, आजच्या नियमांनी उघडली तर काय होईल? भाषणे पहिल्याच अटीवर गळून पडतील, कारण इंग्लंडने राजद्रोहाचा जुना गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. बादशहाविरुद्धच्या युद्धाचा आरोप राजकीय अपवादात अडकेल. पिस्तुले आणि जॅक्सनच्या खुनातले साहाय्य मात्र दोन्ही अटी ओलांडून पुढे जाईल. तिथे सारा वाद हेतूवर आणि पुराव्यावर होईल. आणि त्यावर माणूस पाठवला गेलाच, तर तिसरे एक तत्त्व लागू होईल: ज्या गुन्ह्यासाठी दिला त्याचाच खटला चालवायचा, दुसरा नाही. सावरकरांना जन्मठेपेच्या दोन शिक्षा झाल्या. ३० जानेवारी १९११ ची दुसरी जॅक्सनच्या खुनातल्या साहाय्याबद्दल. २३ डिसेंबर १९१० ची पहिली होती बादशहाविरुद्धच्या युद्धाच्या कटाबद्दल. तो खटला उभाच राहिला नसता.